रंगीत हृदय, करड्या चकत्या: माझ्या सीटी अँजिओग्राफीचा अनुभव

गेल्या जून महिन्यात माझी हृदयाची सीटी अँजिओग्राफी झाली. प्रत्यक्ष तपासणी पंधरा मिनिटांत आटोपली आणि तिची फारशी भीतीही वाटली नाही. भीती वाटली ती त्याच दिवशी संध्याकाळी हातात पडलेल्या एका रंगीत चित्राची. त्या चित्रापायी आमच्या घराने दोन रात्री जागून काढल्या. ते चित्र निदानासाठी नसतेच, हे आम्हांला तिसऱ्या दिवशी कळले. माझ्यासारखे लिफाफा हातात घेऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे असणारे आणखीही लोक असतील, म्हणून घडले ते क्रमाने लिहून ठेवते.

माझे वय त्रेपन्न. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. आमचा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि एप्रिलपासून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर छातीत आवळल्यासारखे होऊ लागले होते. दुखणे म्हणावे असे नव्हते, पण थांबावे लागत असे. ३ जूनला ट्रेडमिलवरची तपासणी, म्हणजे टीएमटी केली. तिचा निष्कर्ष ‘बॉर्डरलाइन पॉझिटिव्ह’ आला. कार्डिओलॉजिस्ट म्हणाले, “मॅडम, स्त्रियांमध्ये टीएमटी विनाकारण पॉझिटिव्ह येण्याचे प्रमाण बरेच असते. एवढ्यावरून मी तुम्हांला थेट कॅथ लॅबमध्ये नेणार नाही. आधी सीटी अँजिओ करू. ती स्वच्छ आली तर विषय संपला, आणि नाही आली तर तार घालून करायच्या अँजिओग्राफीचा विचार नंतर.”

तीन ठिकाणी फोन करून दर विचारले. ८,५००, ११,००० आणि १४,००० रुपये अशी तीन उत्तरे मिळाली. फरक कशाचा, हे विचारल्यावर एका ठिकाणी मशीन किती ‘स्लाइस’चे आहे ते सांगितले आणि दुसऱ्या ठिकाणी, “आमच्याकडे कलर थ्री-डी प्रिंट मिळते,” असे उत्तर आले. मी ११,००० रुपयांचे, रंगीत प्रिंट देणारे केंद्र निवडले. ते घराजवळ होते हे खरे कारण, पण रंगीत प्रिंटचाही थोडा मोह पडला, हे कबूल करते. मेडिक्लेमच्या कार्यालयात विचारले तेव्हा रुग्णालयात दाखल न होता केलेल्या तपासणीचे पैसे माझ्या पॉलिसीत मिळत नाहीत, असे कळले. आपल्या पॉलिसीत बाह्यरुग्ण तपासण्यांसाठी काही तरतूद आहे का, हे आधीच पाहून घ्यावे.

१४ जूनची सकाळी साडेदहाची वेळ मिळाली. आधी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यायचे होते, कारण शिरेतून दिले जाणारे आयोडीनयुक्त औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते. माझे ०.८ आले. आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद, चार तास पोटात अन्न नाही, पाणी मात्र चालेल, अशा सूचना होत्या. नाडी साठच्या आसपास यावी म्हणून कार्डिओलॉजिस्टनी मेटोप्रोलॉलची एक गोळी रात्री आणि एक सकाळी घ्यायला सांगितली होती. दमा असेल तर ही गोळी देण्यापूर्वी विचार करावा लागतो, तेव्हा ते न विचारता आपणहून सांगावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि पूर्वी अशा आयोडीनयुक्त औषधाची, म्हणजे कॉन्ट्रास्टची, ॲलर्जी आलेल्यांनीही तेच करावे.

केंद्रावर आधी पावती, मग आधार कार्डाची झेरॉक्स, मग दोन पानी संमतिपत्र. ते मराठीत होते, म्हणून पूर्ण वाचले. माझी नाडी अडुसष्ट होती. टेक्निशियनने थोडा वेळ वाट पाहायला लावली, पण ती चौसष्टच्या खाली येईना. शेवटी आत घेतले. छातीला ईसीजीच्या तारा लावल्या, उजव्या कोपरात जाड सुई बसवली आणि हृदयाच्या धमन्या थोड्या रुंदावाव्यात म्हणून जिभेखाली एक छोटी गोळी ठेवायला दिली. त्या गोळीने डोके ठणकते. ते तासाभरात थांबते.

पहिला स्कॅन औषधाशिवाय, फक्त धमन्यांत साचलेले कॅल्शियम मोजण्यासाठी झाला. नंतर औषध सोडले तेव्हा घशापासून ओटीपोटापर्यंत गरम पाणी ओतल्यासारखे वाटले. “श्वास घ्या, रोखा,” असा ध्वनिमुद्रित आवाज आला. त्या आठ-दहा सेकंदांत मला छातीत एक ठोका चुकल्यासारखा, किंवा घाईने पडल्यासारखा वाटला. बाहेर आल्यावर मी ते टेक्निशियनला सांगितले. तो म्हणाला, “हो, ईसीजीवर एक एक्स्ट्रा बीट दिसलीय, बघतील सर.” त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी मिळणार होता, पण फिल्म आणि रंगीत प्रिंट संध्याकाळीच तयार होते. यजमान घ्यायला गेले. त्यांना कोणी थांबवले नाही, आणि आम्हांलाही रिपोर्ट नसताना फिल्म आणू नये हे सुचले नाही. आज मी कोणालाही पहिली सूचना हीच देईन की, दोन्ही गोष्टी एकदमच घ्या.

लिफाफ्यात करड्या रंगाच्या दोन मोठ्या फिल्म होत्या. त्यांवर टपाल तिकिटांसारख्या ओळीने लावलेल्या अनेक चौकटी होत्या आणि त्यांतले आम्हांला काहीही समजले नाही. तिसरा कागद मात्र गुळगुळीत, चकचकीत आणि सहज कळणारा होता. काळ्या पार्श्वभूमीवर तांबूस-केशरी हृदय, त्याच्यावर वेलीसारख्या चढलेल्या फिकट गुलाबी धमन्या, एका बाजूने पडलेली सावली. जणू कोणी ते हृदय हातात धरून खिडकीच्या उजेडात फोटो काढला होता. आणि त्या चित्रात उजव्या बाजूने खाली उतरणारी धमनी मध्येच तुटली होती. वरचा तुकडा एका जागी संपत होता, खालचा तुकडा जरा बाजूला सरकून पुन्हा सुरू होत होता, आणि दोहोंमध्ये काहीच नव्हते.

मुलीने त्या कागदाचा फोटो काढून पुण्याला माझ्या भावाला पाठवला. दादा अभियंता आहे. त्याने फोन करून हळू आवाजात सांगितले, “शंभर टक्के ब्लॉक दिसतोय गं. तू झोपूनच राहा.” मी झोपून राहिले. झोप अर्थातच लागली नाही. एका गोष्टीने मात्र आम्हांला धीर दिला. डाव्या बाजूची, हृदयाच्या पुढच्या भागावरून उतरणारी मोठी धमनी त्या चित्रात नव्या नळीसारखी गुळगुळीत होती. “निदान ती तरी चांगली आहे,” असे आम्ही एकमेकांना पुन्हापुन्हा सांगत होतो. पुढे जे कळले ते नेमके याच्या उलट होते.

१५ तारखेला रिपोर्ट मिळाला. उजव्या धमनीसाठी त्यात ‘मिसरजिस्ट्रेशन आर्टिफॅक्ट, पुनर्रचनेनंतर लक्षणीय अरुंदपणा नाही’ अशा अर्थाची ओळ होती. डाव्या पुढच्या धमनीच्या, म्हणजे एलएडीच्या, सुरुवातीच्या भागात ‘मुख्यतः कॅल्शियम नसलेला थर, सुमारे ३५ टक्के अरुंदपणा’ असे लिहिले होते. कॅल्शियम स्कोअर २४ आणि शेवटी CAD-RADS 2. हे वाचून आम्ही जास्तच गोंधळलो. चित्रात तुटलेली धमनी रिपोर्टमध्ये ठीक होती आणि चित्रात ठीक दिसलेली धमनी रिपोर्टमध्ये आजारी होती. यजमानांना तर वाटले की, रिपोर्ट दुसऱ्याच कोणाचा आहे. त्यांनी नाव, वय आणि नोंदणी क्रमांक तीनदा ताडून पाहिले.

आम्ही रिपोर्टवर सही करणाऱ्या रेडिओलॉजिस्ट बाईंची भेट मागितली. स्वागतकक्षातील मुलीने आधी, “सर-मॅडम पेशंटला भेटत नाहीत,” असे सांगितले. चित्र आणि रिपोर्ट जुळत नाहीत, असे एका कागदावर लिहून दिल्यावर १७ जूनला दुपारी अडीचची वेळ मिळाली. वेगळे शुल्क घेतले नाही. तोंडी विनंतीपेक्षा दोन ओळी लिहून दिल्या की काम होते, असा माझा सरकारी आणि खासगी दोन्ही ठिकाणचा अनुभव आहे.

अंधाऱ्या खोलीत दोन मोठे पडदे होते. बाईंनी माझे रंगीत प्रिंट हातात घेतले, पाहिले आणि बाजूला ठेवले. “हे आधी बाजूला ठेवू. मी रिपोर्ट लिहिताना यावरून काहीच ठरवत नाही,” असे म्हणत त्यांनी पडद्यावर एक करडी चकती आणली. झोपलेल्या माणसाच्या पायांकडून वर पाहावे, तशी ती छातीची आडवी कापलेली चकती होती. त्यांनी माऊसचे चाक फिरवले आणि चकत्या एकामागून एक वरून खाली सरकू लागल्या. मध्यभागी हृदय, आणि त्याच्या कडेला एक पांढरा ठिपका. “ही तुमची उजवी धमनी. ती वरून खाली जाते, म्हणून आडव्या चकतीत तिचा गोल छेद दिसतो. आता ठिपका पाहत राहा.” ठिपका खाली-खाली येत राहिला आणि एका चकतीवर टुणकन सुमारे तीन मिलिमीटर बाजूला उडाला, पण नाहीसा झाला नाही. पुढच्या चकतीतही तो तितकाच गोल आणि तितकाच पांढरा होता.

त्याचे कारण त्यांनी सांगितले ते असे. त्यांच्या मशीनला एका ठोक्यात साधारण चार सेंटिमीटर उंचीचा भाग टिपता येतो. हृदय बारा-चौदा सेंटिमीटर उंच असते, त्यामुळे ते तीन-चार ठोक्यांत तुकड्यातुकड्याने टिपून एकावर एक रचावे लागते. प्रत्येक तुकडा हृदय सारख्याच अवस्थेत असताना घेतलेला असला तर जोड दिसत नाही. माझा एक ठोका वेळेआधी पडला, त्या वेळी हृदय वेगळ्या आकारात होते आणि त्या तुकड्याची कड पुढच्या तुकड्याशी जुळली नाही. विटांच्या भिंतीत एक थर सरकावा तसे झाले. उजवी धमनी त्या जोडाला जवळजवळ काटकोनात छेदून जाते, म्हणून ती तुटल्यासारखी दिसली. त्यांनी उभा छेद काढून दाखवला, तेव्हा हृदयाच्या कडेलाही त्याच उंचीवर करवतीच्या दात्यासारखी एक पायरी होती. “खरा ब्लॉक असता तर फक्त धमनी अडली असती, हृदयाची कड कशाला सरकली असती?” हा प्रश्न मला इतका पटला की, मी ते रंगीत प्रिंट पुन्हा मागून घेतले. त्यातही ती पायरी होती. तुटलेल्या जागेच्या अगदी समोर, केशरी पृष्ठभागावर. आम्ही चौघांनी दोन रात्री ते चित्र पाहिले, पण धमनीखेरीज कोणीही काही पाहिले नाही.

माझी नाडी पुरेशी खाली न आल्यामुळे टेक्निशियनने संपूर्ण ठोकाभर माहिती टिपली होती. यात किरणोत्सर्गाची मात्रा अधिक लागते. पण या वेळी त्याचा उपयोग झाला. बाईंनी ईसीजीवरचा तो चुकार ठोका वगळून शेजारच्या ठोक्यांतील माहितीवरून चित्र पुन्हा रचले होते, आणि त्या रचनेत उजवी धमनी अखंड होती. रंगीत प्रिंट मात्र त्याआधीच, पहिल्या रचनेवरून निघून लिफाफ्यात गेले होते. ते काढणाऱ्याने इतकी घाई करायला नको होती, असे मला आजही वाटते.

मग मी एलएडीचा प्रश्न विचारला. जी धमनी इतकी गुळगुळीत दिसते, तिच्यात ३५ टक्के अडथळा कुठे लपला? याचे उत्तर मला या सर्व प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून जरा सावकाश सांगते.

सीटी मशीनला रंग दिसत नाहीत. शरीराचा प्रत्येक सूक्ष्म घन क्ष-किरणांना किती अडवतो, एवढाच आकडा त्याला मिळतो. हा आकडा हाउन्सफिल्ड एककांत मोजतात. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार. चरबी उणे शंभरच्या आसपास, स्नायू चाळीस-पन्नासच्या आसपास, औषध मिसळलेले धमनीतील रक्त तीनशे-चारशे आणि कॅल्शियम बहुधा त्याहून बरेच वर. करड्या चकतीत हे सगळे आकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांत समोर असतात. त्रिमितीय चित्र करताना मात्र संगणकाला सांगावे लागते की, कोणत्या आकड्याला किती पारदर्शक ठेवायचे आणि कोणता रंग द्यायचा. एका ठरावीक आकड्याच्या खालचे सारे अदृश्य करायचे, वरच्याला गुलाबी किंवा केशरी रंग द्यायचा, कुठून तरी उजेड पाडायचा आणि सावली काढायची. म्हणजे त्या चित्रात जी दिसते ती धमनी नसून धमनीत भरलेल्या औषधयुक्त रक्ताचा बाहेरून पाहिलेला आकार असतो. धमनीची भिंत त्यात नसते.

माझ्यासारखा कॅल्शियम नसलेला, म्हणजे मऊ थर असतो नेमका त्या भिंतीत. त्याचा आकडा साधारण तीस ते शंभर, म्हणजे रंग देण्याच्या मर्यादेच्या खाली. संगणकाने तो भोवतालच्या चरबीसोबत पुसून टाकलेला असतो. रक्ताच्या स्तंभाला त्यामुळे एका बाजूने खळगा पडतो हे खरे, पण माझ्या बाबतीत तो खळगा हृदयाच्या स्नायूकडच्या, म्हणजे चित्रातील मागच्या अंगाला होता. प्रिंट समोरून घेतलेले. शिवाय सुरुवातीच्या काळात थर साचतो तशी धमनीची भिंत बाहेरच्या अंगाला फुगते आणि आतली वाट बराच काळ फारशी अरुंद होत नाही. बाहेरून आतल्या वाटेचाच आकार पाहणाऱ्या चित्राला हे दिसणार कसे?

बाईंनी एक पट्टी सरकवली आणि मला तो खेळ प्रत्यक्ष दाखवला. पडद्यावर माझे रंगीत हृदय होते. मर्यादा शंभरवर आणली तेव्हा धमन्या गुबगुबीत झाल्या आणि त्यांच्याभोवती धूसर पिसारा उमटला. दोनशेवर नेली तेव्हा त्या प्रिंटमधल्यासारख्या झाल्या. तीनशेवर नेताच त्या बारीक झाल्या, टोकाकडच्या फांद्या नाहीशा झाल्या आणि निरोगी जागीही दोन ठिकाणी खंड पडला. माहिती तीच, रुग्ण तीच, फक्त एक पट्टी बोटभर सरकली होती. त्यांनी हिशेबही सांगितला. धमनीची रुंदी तीन मिलिमीटर धरू. चित्राचा सर्वांत लहान घन सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे धमनीच्या रुंदीत सहा घन. कडेच्या घनांत अर्धे रक्त आणि अर्धी भिंत असते, त्यामुळे त्यांचा आकडा मधलाच कुठला तरी येतो. मर्यादा जरा वर नेली की दोन्ही कडांचा एकेक घन गळतो, आणि तीन मिलिमीटरची धमनी दोनची दिसू लागते. ३३ टक्के अरुंदपणा त्या पट्टीनेच तयार केला! माझा खरा अरुंदपणाही जवळजवळ तेवढाच होता. जे साधन एवढ्या सहजपणे तेवढा फरक निर्माण करू शकते किंवा पुसू शकते, त्यावरून टक्केवारी कशी ठरवणार?

कॅल्शियमच्या बाबतीत उलटी अडचण असते. त्याचा आकडा इतका मोठा असतो की, तो शेजारच्या घनांतही सांडतो आणि दाणा असतो त्याहून मोठा दिसतो. त्रिमितीय चित्रात तो धमनीवर बसलेल्या पांढऱ्या खड्यासारखा दिसतो, पण त्याच्यामागे रक्ताला वाट किती उरली आहे, हे तोच खडा झाकून टाकतो. माझा एक छोटा दाणा प्रिंटमध्ये होता. आम्ही त्याला उजेडाची चमक समजलो होतो.

मग त्यांनी एलएडीची ती जागा तीन प्रकारे दाखवली. आधी आडव्या चकत्यांत. तेथे पांढऱ्या वर्तुळाला एका बाजूने करडी चंद्रकोर चिकटली होती. तीच चंद्रकोर माझा आजार. नंतर वळणारी धमनी संगणकाने लांबीच्या दिशेने उलगडून एका पातळीत आणलेल्या चित्रात. त्यात पांढऱ्या पट्ट्याच्या एका काठाला करडा उंचवटा होता. आणि शेवटी धमनीला अगदी काटकोनात कापलेल्या छेदात, जेथे मोजपट्टी लावून निरोगी जागेशी तुलना केली. उलगडलेल्या चित्रावरही त्या पूर्ण विसंबत नाहीत. संगणकाने धमनीच्या मध्यातून ओढलेली रेघ थोडी कडेला सरकली, तरी तेथे खोटा अरुंदपणा दिसतो. म्हणून शंका आली की पुन्हा आडव्या चकत्यांकडे जायचे. “माझी तपासणी तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते,” असे त्या म्हणाल्या.

मला त्या वेळी आमच्या विभागातील सह्याद्रीचे प्लास्टरचे मॉडेल आठवले. प्रदर्शनाला आलेले पालक आणि मुले त्याच्याभोवतीच गर्दी करतात. डोंगर, दऱ्या, हिरवा रंग, निळ्या नद्या. त्याची उंची आम्ही मुद्दाम वाढवलेली आहे, नाहीतर डोंगर उठून दिसत नाहीत. पण कोणाला खरोखर घाटातून रस्ता न्यायचा असेल, तर मी त्याच्यासमोर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा पसरते. त्यात वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषांखेरीज देखणे असे काही नसते. वीस वर्षे हे वर्गात सांगणारी मी, स्वतःच्या हृदयाचे मॉडेल हातात आल्यावर त्याच पालकांसारखी वागले.

मग हे चित्र काढतातच कशासाठी, हेही विचारले. बाईंचे उत्तर सरळ होते. बायपास झालेल्या रुग्णाच्या छातीत नव्या नळ्या कुठून कुठे जातात, एखाद्याची धमनी जन्मतःच भलत्या जागेतून निघाली आहे का, हे एका दृष्टिक्षेपात कळायला त्रिमितीय चित्रासारखे दुसरे साधन नाही. कमरेचे किंवा चेहऱ्याचे हाड अनेक ठिकाणी मोडले असेल, तर शस्त्रक्रियेआधी तुकडे कसे फिरले आहेत हे सर्जनला त्यातून समजते. पण केसासारखी बारीक भेग तिथेही ते चित्र गुळगुळीत करून लपवू शकते. थोडक्यात, वाट कुठून जाते हे ते सांगते. वाट किती रुंद आहे हे त्याला विचारू नये. “आणि पेशंटला समजावायला बरे पडते,” असे त्या पुढे म्हणाल्या. यावर यजमान पटकन बोलून गेले, “आम्हांला तर त्याने भलतेच समजावले.” त्या हसल्या, आणि प्रिंट यापुढे रिपोर्टसोबतच द्यायला सांगते, असे म्हणाल्या.

निघताना त्यांच्या सांगण्यावरून मी सर्व बारीक चकत्यांची सीडी मागून घेतली. तिचे २०० रुपये वेगळे पडले आणि पाऊण तास थांबावे लागले. हे पैसे आणि हा वेळ अवश्य खर्च करावा. फिल्मवर निवडक चौकटी असतात, प्रिंटवर त्याहूनही कमी, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर त्यांना शेकडो चकत्यांचा मूळ संच लागतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या रंगीत चित्राच्या फोटोवरून कोणी मत दिलेच, तर ते दादाच्या मतापेक्षा फार वेगळे नसेल. दादाला हे मी फोनवर सांगितले आहे.

१९ जूनला कार्डिओलॉजिस्टकडे गेले. त्यांनी आधी रिपोर्ट वाचला, मग सीडी संगणकात घालून एलएडीच्या चकत्या स्वतः पाहिल्या. रंगीत प्रिंट मी पिशवीतून काढलेच नाही आणि त्यांनीही मागितले नाही. CAD-RADS 2 म्हणजे २५ ते ४९ टक्के अरुंदपणा. एवढ्याने रक्तप्रवाह अडत नाही, म्हणून तार घालून अँजिओग्राफी करण्याची गरज नव्हती. पण थर आहे हे खरे, आणि तो मऊ आहे हेही खरे, म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुरू केली, रक्तदाब घरी मोजून वहीत लिहायला सांगितला आणि रोज चाळीस मिनिटे चालायला सांगितले. आमचा विश्वास त्या चित्रावरच राहिला असता, तर उजव्या बाजूच्या नसलेल्या ब्लॉकसाठी मी धावपळ केली असती आणि डाव्या बाजूच्या असलेल्या थराकडे दुर्लक्ष केले असते.

छातीतील आवळणे कशाचे होते, हा प्रश्न उरलाच होता. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.९ निघाले. त्याचे उपचार चालू आहेत आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आता थांबावे लागत नाही. सप्टेंबरमध्ये लिपिड प्रोफाइल पुन्हा केले. एलडीएल १४८ वरून ७६ वर आले.

एकूण खर्च टीएमटीचे १,८००, रक्ततपासणीचे ४५०, सीटी अँजिओचे ११,०००, सीडीचे २०० आणि दोन वेळच्या सल्ल्याचे १,६०० असा १५,०५० रुपये झाला. सर्व कागद तारखेनुसार एका फाइलमध्ये लावले आहेत. रंगीत प्रिंटही त्यात आहे. त्याच्या मागच्या बाजूला मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: ‘उजवीकडे दिसतो तो तुकड्यांचा जोड. डावीकडचे यात दिसत नाही. रिपोर्ट पान २ पाहा.’